शाळांमध्ये दातांचे फोटो काढायला निघण्याआधीची तयारी

ठाणे आणि नवी मुंबईतल्या शाळांमध्ये बारा वर्षांच्या मुलांच्या दातांचे फोटो काढायचे, दंतवैद्यांनी ते नंतर निवांत बसून बघायचे आणि किती टक्के मुलांना कीड आहे ते सांगायचं, अशी पाहणी ज्यांच्या डोक्यात आहे त्यांच्यासाठी ही यादी. बारा वर्षांचं वय जागतिक आरोग्य संघटनाही कायमच्या दातांच्या तुलनेसाठी धरते, त्यामुळे त्यावर वाद घालायचं कारण नाही. फोन, गाल बाजूला धरायचे रिट्रॅक्टर, हातमोजे, पालकांची संमतिपत्रं ही धावपळ नंतरची. पहिलं काम वही-पेन्सिलीचं आहे: किती शाळा, आणि दर शाळेत किती मुलं.

समजा खर्च सहाशे मुलांचाच परवडतो. सोयीचं काय, तर बारा शाळा गाठायच्या आणि प्रत्येकीत पन्नास मुलं उरकायची. पण एका शाळेतली पन्नास मुलं पन्नास वेगवेगळ्या गोष्टी सांगत नाहीत. दिघ्यातल्या एखाद्या शाळेतली मुलं एकाच वस्तीतून येतात, घरची मिळकत साधारण सारखी, फाटकाबाहेरची टपरी तीच. पाम बीच रोडच्या बाजूच्या शाळेतल्या मुलांचंही तसंच, फक्त टपरी वेगळी. हे सारखेपण मोजणारा आकडा म्हणजे गटांतर्गत सहसंबंध, ρ. तो हाती आला की लेस्ली किश यांनी रूढ केलेला डिझाइन इफेक्ट सरळ निघतो. यात m म्हणजे दर शाळेतली मुलं:

```
deff = 1 + (m − 1) × ρ
प्रभावी नमुना = एकूण मुलं ÷ deff
```

ρ 0.05 धरा. पन्नास मुलांसाठी deff येतो 3.45, आणि 600 मुलांचा प्रभावी नमुना होतो 174. म्हणजे सगळ्या शहरातून चिठ्ठ्या टाकून 174 मुलं निवडली असती तर जेवढं कळलं असतं, तेवढंच. कीड 40 टक्के निघाली तर 600 च्या भरवशावर आपण ‘±3.9’ लिहू, अंदाज चुकण्याची खरी मर्यादा ±7.3 च्या आसपास. आता त्याच सहाशे मुलांसाठी तीस शाळा घ्या, दर शाळेत वीस. deff उतरतो 1.95 वर, प्रभावी नमुना 308, मर्यादा ±5.5. फोटो एकही वाढला नाही, फक्त रिक्षाभाडं आणि मुख्याध्यापकांना केलेले फोन वाढले.

वरिष्ठांनी ‘बाराच शाळा घ्या, मुलं वाढवा’ म्हटलं तर त्यांच्यासमोर एक भागाकार ठेवा: शाळांची संख्या भागिले ρ. 12 भागिले 0.05 म्हणजे 240. बारा शाळांतून हजारो मुलांचे फोटो आणले तरी प्रभावी नमुना या आकड्यापलीकडे जात नाही. शिवाय बाराच शाळा असतील तर मर्यादा काढताना 1.96 ऐवजी 2.2 ने गुणावं लागतं, कारण फरक मोजायला मुळात बाराच आकडे हातात आहेत.

ρ आणायचा कुठून? तीन-चार शाळांच्या पायलटमधून काढू नका, एवढ्या कमी शाळांतून येणारा आकडा डळमळीत असतो. जवळपासच्या जुन्या पाहणीतला मिळाला तर तो घ्या. नाहीतर 0.02 आणि 0.10 अशी दोन्ही टोकं मांडून बघा: तीस शाळा, वीस मुलं या रचनेत प्रभावी नमुना अनुक्रमे 435 आणि 207 येतो. 207 वर काम भागत असेल तर पुढे जा.

शाळांची यादी यूडायस क्रमांकावरून करा. महापालिकेच्या एकाच इमारतीत मराठी, हिंदी, उर्दू माध्यमाच्या शाळा वेगवेगळ्या क्रमांकांनी भरतात, काही सकाळच्या, काही दुपारच्या. इमारत बघून यादी केली की त्यातली एखादी हमखास सुटते. ठाणे आणि नवी मुंबई असे दोन स्तर करा आणि प्रत्येक स्तरात सहावी-सातवीच्या पटसंख्येच्या प्रमाणात शाळा निवडा. मग दर शाळेत सारखीच वीस मुलं घेतली तरी मोठ्या शाळेवर अन्याय होत नाही. ही वीस मुलं सगळ्या तुकड्यांच्या हजेरीपटांतून, ठरावीक अंतर सोडून उचला. बाई प्रेमाने ‘आमची अ तुकडी शांत आहे, तीच घ्या’ म्हणतील. नम्रपणे नाही म्हणा. तुकड्या अनेक ठिकाणी गुणांवरून पाडतात, आणि एकच तुकडी घेतली की ρ शाळेचा न राहता तुकडीचा होतो, म्हणजे सहसा जास्त.

आता फोटोंचं. एका मुलाचे चार-पाच फोटो निघतील. अडीच-तीन हजार फोटो म्हणजे मोठा नमुना, हा भ्रम अहवालात शिरू देऊ नका. तोंड एक, मूल एक.

खरी गोम फोटो वाचणाऱ्यांत आहे. तीन दंतवैद्य, प्रत्येकाला दहा शाळांचे फोल्डर, अशी वाटणी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात वाईट. एक जण पांढरट डागाला कीड म्हणतो, दुसरा खड्डा दिसल्याशिवाय म्हणत नाही. मग कळव्यात कीड जास्त की कळव्याचे फोटो वाचणारा कडक, हे कुणालाच सांगता येणार नाही. या फरकालाही तोच हिशेब लागू पडतो. प्रत्येकाकडे 200 मुलं आणि वाचणाऱ्यामुळे येणारा ρ फक्त 0.01 असला तरी 1 + 199 × 0.01 म्हणजे जवळजवळ तिप्पट. म्हणून फोल्डरवरचं शाळेचं नाव काढून संकेतांक द्या आणि सगळ्या शाळांची मुलं मिसळून तिघांत वाटा. त्याने वाचणाऱ्यांतला फरक नाहीसा होत नाही, पण तो शाळेच्या फरकात लपत नाही. काही मुलांचे फोटो तिघांनाही द्या, म्हणजे तो मोजता येतो. जास्त निघाला तर कामाला लागण्याआधी पुन्हा एकत्र बसून निकष ठरवा.

वाचता न येणारे फोटोही शाळेगणिक गठ्ठ्याने येतात: पावसाळ्यात अंधारलेली खोली, लेन्सवर बाष्प, घाईतली मधली सुट्टी. तीस शाळांत मिळून 60 मुलांचे फोटो विखुरलेले बाद झाले तर दर शाळेत 18 उरतात आणि प्रभावी नमुना 292 राहतो. पण दोन अख्ख्या शाळा गेल्या, म्हणजे बाद फक्त 40 मुलं, तर तो 287 वर येतो. कमी फोटो गमावून जास्त नुकसान. त्यामुळे प्रत्येक शाळेतून निघण्याआधी तिथेच पाच मुलांचे फोटो मोठे करून बघायचे, दाढेच्या खाचा दिसत नसतील तर दिव्याची जागा बदलून पुन्हा काढायचे.

विश्लेषणाची आज्ञाही आधीच लिहून ठेवा, नंतर कुणी साधी टक्केवारी काढून मोकळं होतं. आर मधलं `survey` पॅकेज पुरे:

```
des <- svydesign(id=~school, strata=~city,
                 weights=~wt, data=d)
svymean(~caries, des, deff=TRUE)
```

`school` मध्ये यूडायस क्रमांक टाका, `caries` 0 किंवा 1. deff 1 च्या खाली आला तर खूश होण्याआधी `school` च्या रकान्यात मुलांचे क्रमांक तर पडले नाहीत ना ते तपासा. अहवालात एकूण मुलं, शाळांची संख्या, निघालेला deff आणि प्रभावी नमुना एकाच तक्त्यात द्या, म्हणजे पुढच्या पाहणीवाल्यांना ρ शोधत फिरावं लागणार नाही.

राहता राहिली राखीव शाळांची यादी. तीस निवडतानाच दर स्तरात तीन जादा शाळा त्याच पद्धतीने काढून क्रमाने लिहून ठेवा. घोडबंदर रोडची एखादी खासगी शाळा ऐन वेळी नाही म्हणाली की शेजारची ओळखीची शाळा गाठायचा मोह होतो. तेव्हा यादीतला पुढचा क्रमांकच घ्यायचा, तो दिव्यात असला तरी.