अंदाज, प्रश्न, सारांश : आकलन शिकवताना या चुका टाळा

सहावीच्या वर्गात सारांश लिहायला सांगितला आणि वह्या गोळा केल्या, तर बहुतेक वह्यांमध्ये एकच गोष्ट दिसते. उताऱ्यातलं पहिलं वाक्य जसंच्या तसं उतरवलेलं असतं, मधली दोन-तीन गाळलेली असतात आणि शेवटचं पुन्हा जसंच्या तसं असतं. अक्षर सुंदर, शुद्धलेखन नीट, त्यामुळे आपण बरोबरची खूण करून पुढे जातो. मीही कितीतरी वर्षं तेच केलं. मग एकदा एका मुलीला वही मिटून सांगायला सांगितलं, तेव्हा तिला एक वाक्यही सांगता आलं नाही. तिने जे केलं होतं ते वाचन नव्हतं, ते कापणं होतं, आणि ते तसंच करायचं असतं हे तिला माझ्याच वर्गात कळलं होतं.

पुढे जे लिहिलंय ते एकाच छोट्या उताऱ्याच्या आधाराने लिहिलंय. हा उतारा मी फळ्यावर लिहून वापरते:

«बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर उल्कापातामुळे तयार झालं. त्याच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. सरोवराचं पाणी खारट असून एरवी ते हिरवट दिसतं. जून २०२० मध्ये मात्र ते गुलाबी झालं. पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासण्यात आले. पाणी आटल्यामुळे क्षारांचं प्रमाण वाढलं होतं. अशा पाण्यात हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव भराभर वाढतात आणि ते गुलाबी रंगद्रव्य तयार करतात. नमुना काही काळ स्थिर ठेवल्यावर सूक्ष्मजीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ दिसू लागलं.»

अंदाज घेतला आणि तिथेच सोडला

सर्वांत जास्त दिसणारी पद्धत अशी : धड्याचं चित्र दाखवायचं, "काय असेल बरं या धड्यात?" असं विचारायचं, चार हात वर होतात, आपण "छान, छान" म्हणतो आणि वाचायला लागतो. पुन्हा त्या अंदाजांकडे कुणी फिरकत नाही. त्यामुळे मुलं अंदाज म्हणजे मनाला येईल ते बोलणं असं समजतात.

दुसरी अडचण त्याहून साधी आहे. पाठ्यपुस्तक जूनमध्ये हातात पडतं आणि हुशार मुलांनी ते दिवाळीआधीच वाचून काढलेलं असतं. वाचलेल्या धड्याबद्दल अंदाज करायला लावलं की ती पाठ झालेलं उत्तर देतात आणि बाकीची मुलं गप्प होतात. अंदाजासाठी मजकूर नवाच लागतो. एखादी बातमी किंवा फळ्यावरचा परिच्छेद पुरतो.

थांबायचं कुठे, हे आधी ठरवून ठेवावं लागतं. वरच्या उताऱ्यात मी एकाच ठिकाणी थांबते, "गुलाबी झालं" या शब्दांनंतर, आणि पुढचा भाग कागदाने झाकलेला असतो. मुलं म्हणतात, कारखान्याचं सांडपाणी आलं असेल, शेवाळ वाढलं असेल, लाल माती वाहून आली असेल. यातलं काहीच चूक म्हणायचं नाही आणि काहीच "छान" म्हणायचं नाही. एकच विचारायचं, "कशावरून?" शेवाळवाला मुलगा "हिरवट दिसतं" या शब्दांवर बोट ठेवतो. मातीवाल्याला उताऱ्यात आधार सापडत नाही, पण जूनमध्ये पाऊस सुरू होतो हे तो सांगतो, आणि तोही आधारच आहे. सांडपाणीवाल्याकडे ना उताऱ्यातलं काही असतं ना स्वतःच्या माहितीतलं. हे त्याचं त्यालाच कळतं.

मग कागद काढून पुढचं वाचायचं आणि प्रत्येकाने आपल्या अंदाजाचं काय झालं ते सांगायचं, तेही कोणत्या वाक्यामुळे झालं ते दाखवून. "पाणी आटल्यामुळे" हे शब्द आले की मातीचा अंदाज गळतो, कारण पावसाचं पाणी आलंच नव्हतं. शेवाळाचा अंदाज चुकला तरी जवळ पोहोचलेला असतो, कारण पाण्यात वाढणारं सजीव काहीतरी निघालं. सगळ्यांत जास्त शिकणं या परतण्यात होतं. वेळ कमी असेल तर सुरुवातीचे अंदाज कमी घ्या, पण ही परतफेरी सोडू नका.

प्रश्न मुलांनी काढले, पण सगळे स्वाध्यायातलेच

"आता तुम्ही प्रश्न तयार करा" म्हटलं की येतात ते प्रश्न असे : लोणार सरोवर कोणत्या जिल्ह्यात आहे? विवराचा व्यास किती आहे? नमुने कुठे तपासले? मुलांना दोष देता येत नाही. पहिलीपासून त्यांनी "एका वाक्यात उत्तरे लिहा" एवढाच प्रश्नप्रकार हजारदा पाहिलेला असतो.

अशा प्रश्नांनी आकलन कळत नाही, हे मुलांना पटवायला मी फळ्यावर एक अर्थहीन वाक्य लिहिते : "झिमरूने मुटक्या लोंबात फरडी घातली." मग विचारते, झिमरूने फरडी कुठे घातली? सगळा वर्ग ओरडतो, "मुटक्या लोंबात!" फरडी म्हणजे काय, हे कुणालाच माहीत नसतं, मलाही नाही. मुलं हसतात, आणि मग आपल्या वहीतले प्रश्न पुन्हा पाहतात.

त्यानंतर प्रश्नांना नावं द्यायची. आमच्या वर्गात ती अशी आहेत : एका बोटाचा प्रश्न, म्हणजे उत्तरावर बोट ठेवता येतं. दोन बोटांचा, म्हणजे दोन ठिकाणची माहिती जोडावी लागते. आणि बोट-डोक्याचा, म्हणजे उताऱ्यातलं काही आणि माझ्याकडचं काही मिळून उत्तर बनतं. "पाणी आटलं नसतं तर ते गुलाबी झालं असतं का?" हा दोन बोटांचा झाला. "नमुन्यातलं वरचं पाणी नितळ झालं, यावरून रंग पाण्यात विरघळलेला होता की नव्हता?" हा बोट-डोक्याचा. रंग सूक्ष्मजीवांच्या अंगात होता, हे उताऱ्यात कुठेच लिहिलेलं नाही. पण गढूळ पाणी ठेवून दिलं की गाळ खाली बसतो, हे ज्याने घरी पाहिलंय त्याला ते सापडतं.

इथे एक चूक हळूच शिरते. प्रकार कळले की मुलं एका बोटाचे प्रश्न कमी दर्जाचे मानायला लागतात आणि अवघड दिसणारे पण पोकळ प्रश्न रचतात. जोडीदाराने उत्तर द्यायचं आणि उताऱ्यातला आधार दाखवायचा, एवढा नियम ठेवला की पोकळ प्रश्न आपोआप उघडे पडतात. आणि "क्षार म्हणजे काय?" असा खरोखर अडलेला प्रश्न कुणी विचारला, तर तो सगळ्यांच्या आधी घ्या. भरलेल्या वर्गात असा प्रश्न विचारायला मुलाला धीर लागतो.

सारांश म्हणजे गाळणी नव्हे

अमेरिकेत अ‍ॅन ब्राऊन आणि जीन डे यांनी १९८३ मध्ये वेगवेगळ्या वयाचे विद्यार्थी सारांश कसा करतात ते तपासलं होतं. लहान मुलांची पद्धत उतरवा-आणि-गाळा अशीच निघाली : वाक्य वाचायचं, ठेवायचं की नाही ठरवायचं, ठेवायचं तर जसंच्या तसं. पसरलेली माहिती एकत्र करून स्वतःचं वाक्य बनवणं मोठ्यांनाही अवघड गेलं होतं. म्हणजे "महत्त्वाचं तेवढंच लिही" ही आपली नेहमीची सूचना मुलाला त्याच गाळण्याकडे ढकलते.

लोणारच्या उताऱ्यावर मला मिळालेला एक सारांश : "लोणार सरोवर उल्कापातामुळे तयार झालं. पाणी खारट आहे. ते गुलाबी झालं. नमुने तपासण्यात आले. वरचं पाणी नितळ दिसू लागलं." यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. पण पाणी गुलाबी का झालं, तेच राहून गेलंय. वही तपासताना मी आधी तीन खुणा पाहते : वाक्यांचा क्रम उताऱ्याचाच आहे का, शब्द उताऱ्यातलेच आहेत का, आणि "त्यामुळे", "कारण", "म्हणून" यांपैकी एकही शब्द आलाय का. तिसरी खूण सगळ्यांत बोलकी आहे.

दुरुस्ती फळ्यावर, सगळ्यांसमोर आणि माझ्या बोलण्यातून करते. उतारा कशाबद्दल आहे? सरोवराबद्दल नाही, त्याच्या रंगाबद्दल. मग व्यास जातो. "नमुने तपासण्यात आले" जातं, कारण ते कसं कळलं ते सांगतं, काय कळलं ते नाही. उरतं ते आटलेलं पाणी, वाढलेले क्षार, वाढलेले सूक्ष्मजीव आणि रंग. यांना बाणांनी जोडते, उतारा पुसते आणि फक्त बाणांकडे पाहून वाक्य बनवायला सांगते. एका गटाचं असं आलं : "पाणी आटून जास्त खारट झालं, त्यामुळे खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव वाढले आणि त्यांच्या रंगामुळे लोणारचं पाणी गुलाबी दिसलं."

उतारा पुसणं महत्त्वाचं. समोर असला की हात त्यातलेच शब्द उचलतो. मर्यादाही ओळींची नको, शब्दांची द्या, वीस ते पंचवीस शब्द. "तीन ओळींत लिहा" म्हटलं की मुलं अक्षर बारीक करतात.

उल्कापाताचं काय करायचं, यावर आमच्या वर्गात चांगलाच वाद झाला. एका मुलाच्या मते तीच सगळ्यांत भारी गोष्ट होती, ती कशी गाळायची? मी त्याला दोन शीर्षकं दिली, "लोणारचं पाणी गुलाबी का झालं?" आणि "आमच्या राज्यातलं लोणार सरोवर". पहिल्याखाली उल्का जाते, दुसऱ्याखाली राहते. सारांश कशासाठी करायचा ते सांगितल्याशिवाय काय महत्त्वाचं हे ठरत नाही, आणि ते सांगायला आपणच विसरतो.

पहिल्याच दिवशी भूमिका वाटल्या

अंदाज, प्रश्न, खुलासा आणि सारांश या चौघांना एकत्र बांधून, शिक्षक आणि विद्यार्थी आळीपाळीने गट चालवतात, ही पद्धत अ‍ॅनमेरी पॅलिंक्सर आणि अ‍ॅन ब्राऊन यांनी १९८४ मध्ये मांडली. त्यांच्या प्रयोगातली मुलं सातवीची होती आणि ती मजकूर वाचू शकत होती, पण समजण्यात मागे होती. हे काम सुमारे वीस दिवस चाललं आणि सुरुवातीला बहुतेक भार शिक्षकाने उचलला.

आपण मात्र चिठ्ठ्या बनवतो, चौघांना चार भूमिका देतो आणि पहिल्याच तासाला गट सोडून देतो. मग सारांशवाला मूल आपली पाळी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसतं. मी पहिले पाच-सहा दिवस चारही गोष्टी स्वतः मोठ्याने करून दाखवते, मग एका परिच्छेदापुरतं एका मुलाला पुढे बसवते. तो अडला की प्रश्नाची सुरुवात करून देते, शेवट त्याचा. चिठ्ठ्या वापरायच्याच तर परिच्छेदागणिक फिरवा.

उपाय लागू पडत नसेल तर

कधीकधी हे सगळं करूनही एखादं मूल हलत नाही. तेव्हा तोच उतारा त्याला वाचून दाखवा आणि तेच प्रश्न विचारा. ऐकून समजलं, तर अडचण अक्षरं-शब्द ओळखण्याच्या वेगात आहे. त्याला रोज सोप्या मजकुराचा प्रकट वाचनाचा सराव हवा, सारांशाचा तक्ता नको.

ऐकूनही समजलं नाही, तर शब्द आणि माहिती तपासा. पाणी आटलं की क्षार मागे राहतात, हे ज्याला माहीत नाही तो "आटल्यामुळे प्रमाण वाढलं" हे वाक्य कितीही वेळा वाचून जोडू शकणार नाही. त्याच्यासाठी ताटलीत मिठाचं पाणी घालून ती उन्हात ठेवा. दुसऱ्या दिवशी कडेला पांढरी रेघ दिसली की उतारा पुन्हा हातात द्या आणि आधी तेवढंच एक वाक्य त्याच्या शब्दांत सांगायला सांगा.