पॉवर बँक विमानात नेताय? आधी मागचं बारीक छापील वाचा

पॉवर बँकेवर मोठ्या अक्षरात २०००० mAh लिहिलेलं असतं पण एअरलाइनवाले बघतात ते Wh, म्हणजे वॉट-अवर, आणि ते मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात असतं. नसेल छापलं तर mAh ला व्होल्टेजने गुणायचं आणि हजारने भागायचं. घोळ इथेच होतो, कारण मागे 5V पण दिसतं, ते आउटपुटचं, ते घेतलं तर उत्तर १०० येतं आणि उगाच घाम फुटतो (माझा फुटला होता, चेक-इनच्या रांगेत). आतल्या सेलचं 3.7V घ्यायचं, म्हणजे २०००० × ३.७ ÷ १००० = ७४ Wh.

१०० Wh पर्यंत साधारण परवानगी लागत नाही, १०० ते १६० ला एअरलाइनला आधी विचारावं लागतं, त्यावर नेताच येत नाही. म्हणजे ३०००० वाली १११ होते, ती विचारूनच न्या. लॅपटॉपची बॅटरी बहुतेक वेळा शंभरच्या आतच असते.

आणि पॉवर बँक चेक-इन बॅगेत अजिबात टाकू नका, ती हँडबॅगेतच. छापील आकडे घासून पुसले गेले असतील तर सिक्युरिटीवाले ठेवून घेऊ शकतात, हिशोब तोंडी सांगून चालत नाही.