‘औदुंबर’ समोर ठेवून : कवितेचा विषय, भाव आणि आवडती ओळ कशी लिहावी

कवितेवरच्या कृतीत तीन प्रश्न हमखास येतात : मध्यवर्ती कल्पना, कवितेतला भाव, आणि आवडलेली ओळ कारणासह. बहुतेक मुले ही तीन वेगळी उत्तरे म्हणून लिहितात, म्हणून दमतात. खरे तर तिन्हींची सामग्री एकच असते : कवितेतले शब्द. बालकवींची आठच ओळींची ‘औदुंबर’ घेऊन हे करून पाहू.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन.
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे.
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.

आधी कविता दोनदा मोठ्याने वाचा. मग पेन्सिल घेऊन दोनच गोष्टींखाली रेघ मारा : विशेषणे आणि क्रियापदे. येथे रंग सापडतात ते असे : निळासावळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या. क्रियापदे अशी : वाहतो, लागली, पडे, चालली, पसरी आणि शेवटी बसला. या दोन याद्या उत्तरपत्रिकेत लिहायच्या नाहीत, पण पुढचे सगळे यांतूनच निघते.

आता मध्यवर्ती कल्पना. “या कवितेत निसर्गाचे वर्णन आहे” हे उत्तर चुकीचे नाही, पण तो झाला विषय. मध्यवर्ती कल्पना म्हणजे त्या विषयाबद्दल कविता काय दाखवते ते. क्रियापदांची यादी पुन्हा पाहा. झरा वाहतो, वाट चालते, आणि ती चालते ती काळ्या डोहाकडे. कवितेची नजर उजळ, मोकळ्या मळ्यांतून हळूहळू काळोख्या पाण्याशी येते आणि तिथे बसलेल्या झाडापाशी थांबते. म्हणून मी असे लिहीन : ‘वाहत्या, हिरव्यागार परिसरातून वाचकाला डोहाकाठच्या गूढ, निश्चल शांततेपर्यंत नेणारे हे चित्र आहे.’ या वाक्यात ‘निसर्ग’ हा शब्दही लागला नाही.

भावाचे उत्तर लिहिताना सगळ्यात जास्त घसरायला होते. ‘आनंद’ लिहिणारा पहिल्या चार ओळींवर थांबलेला असतो. ‘दुःख’ लिहिणारा ‘काळ्या’ आणि ‘काळिमा’ या दोन शब्दांवर. पण कवीने काळिम्याला ‘गोड’ म्हटले आहे. हा एक शब्द दोन्ही उत्तरांना अडवतो. काळोख आहे, तरी त्याची भीती नाही. उलट त्यात बसून राहावेसे वाटते. तेव्हा ‘शांत, किंचित उदास, अंतर्मुख’ असे लिहा आणि पुरावा म्हणून ‘गोड काळिमा’ हे शब्द अवतरणात द्या. भाव दोन असतील तर दोन लिहावेत, आणि तो कुठल्या ओळीपासून बदलतो तेही सांगावे. येथे तो सहाव्या ओळीच्या शेवटी, ‘काळ्या डोहाकडे’पाशी, बदलतो.

बालकवी 1918 मध्ये अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेले. ते आठवून डोह म्हणजे मृत्यू असे ठामपणे लिहिण्याचा मोह होतो. तसे वाचता येते, पण ते ‘असेही वाटते’ म्हणून मांडावे, कारण कवितेत तो शब्द नाही.

राहिली आवडती ओळ. कारण पारखायची युक्ती सोपी आहे : त्या ओळीतला एक शब्द बदलून पाहा. मला शेवटची ओळ आवडते. ‘बसला’ऐवजी ‘उभा’ म्हणून बघा. झाड उभेच असते, त्यामुळे चित्र अचूक होईल, पण औदुंबर लगेच नुसता झाड उरेल. ‘पाय टाकुनी बसला’ म्हटल्यावर तो पाण्यात पाय सोडून स्वतःत हरवलेला माणूस होतो. जे बिघडले, तेच तुमचे कारण. अलंकाराचे नाव (येथे चेतनगुणोक्ती) त्यानंतर, जोडीला लिहावे. नाव हेच कारण नव्हे. “शब्दरचना सुंदर व लयबद्ध आहे” असे कारण लिहिले असेल तर ते दुसऱ्या एखाद्या कवितेखाली ठेवून बघा. तिथेही चालले तर खोडा.

पूर्ण उत्तर असे होईल :

‘पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर ही ओळ मला सर्वांत आवडली. आधीच्या ओळींत झरा वाहतो, पायवाट चालते. येथे मात्र सारे थांबते. बसणे ही माणसाची कृती झाडाला दिल्यामुळे (चेतनगुणोक्ती) औदुंबर विचारात बुडालेल्या एखाद्या वृद्धासारखा वाटतो. ‘असला’ या शब्दामुळे कवी बोट दाखवून तो आपल्याला दाखवत आहे असे वाटते. आमच्या गावच्या विहिरीवर वाकलेला उंबर मला ही ओळ वाचताना आठवला.’

शेवटचे वाक्य तुमचे स्वतःचे असावे. उंबर पाहिलाच नसेल, तर तळ्याकाठी एकटे बसलेले कोणी आठवत असेल ते लिहा, आणि तेही नसेल तर ते वाक्य सोडून द्या. आधीच्या तीन वाक्यांत कारण आलेले आहे.