वार्षिक बोनस गृहकर्जात भरण्याआधीची तयारी

बोनस खात्यात पडायच्या आधीच बँकेकडून कर्जाचा उतारा आणि परतफेडीचे वेळापत्रक मागवून ठेवा. उताऱ्यावर तीन आकडे शोधायचे: आजची शिल्लक मुद्दल, चालू व्याजदर आणि उरलेले हप्ते. व्याजदर बदलता आहे ना, तेही पाहा. वैयक्तिक गृहकर्जाचा दर बदलता असेल तर मुदतपूर्व भरण्यावर दंड लागत नाही. स्थिर दर असेल तर करारातले ते कलम आधी वाचा.

मग हिशेब घरीच करून पाहा. समजा 30 लाखांचे कर्ज आहे, दर 8.5 टक्के, मुदत 20 वर्षे. हप्ता येतो साधारण 26,035 रुपये. पहिल्या हप्त्यातले 21,250 रुपये व्याजातच जातात, मुद्दल जेमतेम 4,785 ने कमी होते. दर वर्षअखेरीस 50,000 रुपये जादा भरले आणि दर तोच राहिला, तर कर्ज 14 वर्षे 8 महिन्यांत फिटते आणि एकूण व्याज साडेबत्तीस लाखांवरून साडेबावीस लाखांच्या आसपास येते. पहिले 50,000 भरल्यावर उरणाऱ्या मुद्दलावर किती हप्ते राहतील, ते एक्सेलमध्ये असे निघते:

```
=NPER(8.5%/12,-26035,2890294)
```

उत्तर 218.7 येते. एरवी 228 उरले असते, म्हणजे नऊ हप्ते गेले.

आता सगळ्यात महत्त्वाचा कागद: बँकेला द्यायचा अर्ज. त्यात स्पष्ट लिहा, ‘हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी.’ हे मोघम सोडू नका. मुदत कमी केली तर त्या पहिल्या 50,000 मुळे पुढे सुमारे 1 लाख 93 हजार व्याज वाचते. मुदत तीच ठेवून हप्ता कमी केला तर तो महिन्याला फक्त 443 रुपयांनी घटतो आणि व्याज वाचते 51 हजारांच्या आसपास. घरखर्चाची ओढाताण असेल तर हप्ता घटवणेही योग्यच, पण ते ठरवून केलेले असावे. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

रक्कम लवकर भरा. हेच 50,000 दहाव्या वर्षाच्या शेवटी भरले तर 65 हजारच वाचतात. तरी सहा महिन्यांचा खर्च मात्र बाजूला असू द्या, कारण कर्जात भरलेला पैसा अडचणीत सहज परत मिळत नाही.

भरल्यावर महिनाभराने पुन्हा उतारा काढा. कधी कधी ही रक्कम मुद्दलातून वजा न होता आगाऊ हप्ते म्हणून जमा होते. ओळखायची खूण सोपी आहे: पुढच्या हप्त्यातले व्याज नेहमीच्या घटीखेरीज आणखी 354 रुपयांनी उतरलेले दिसायला हवे. तसे दिसले नाही, तर पोच घेतलेला अर्ज घेऊन शाखेत जा आणि सुधारित वेळापत्रक हातात पडेपर्यंत उठू नका.