अनुवादकाला मेल पाठवताना या चुका टाळा

"छोटंसं काम आहे, रेट सांगा, उद्या हवंय." इंग्रजीतून मराठी करून हवं असलं की असा मेल येतो आणि सोबत फाइलही नसते. फाइल पाहिल्याशिवाय कोणीही धड दर सांगू शकत नाही, म्हणून ती पहिल्याच मेलला जोडा.

सगळ्यात महागात पडते ती शब्दसंख्या. दादरच्या एका संस्थेने आरोग्यपुस्तिकेसाठी मला लिहिलं, "सहा हजार शब्द, शब्दाला २ रुपये." कोणत्या भाषेतले शब्द, ते लिहिलंच नाही. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, त्यामुळे शब्द कमी होतात. मराठी मजकूर भरला ४,९००. मी १२,००० चं बिल लावलं, त्यांच्या हिशेबनिसाने मराठी शब्द मोजून ९,८०० मंजूर केले. काम पसंत होतं, तरीही बिल अडकून पडलं ते त्या एका न लिहिलेल्या ओळीमुळे.

'बिल मूळ इंग्रजी शब्दांवर' हे मेलमध्ये लिहाच. आकडा अंदाजाने टाकू नका. वर्डमध्ये Review मधलं Word Count उघडा आणि मजकूरचौकटी व तळटीपा मोजण्याच्या खुणेवर टिक आहे ना, ते बघा. चित्रात बसवलेला मजकूर त्यात मोजलाच जात नाही. तक्ते, चित्रांखालच्या ओळी करायच्या आहेत की नाहीत, हेही मेलमध्येच सांगा. स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर आधी वर्ड फाइल शोधा. ती बहुतेक वेळा तुमच्याच ऑफिसात कोणाकडे तरी असते.

दुसरी चूक म्हणजे "वर्डमध्ये द्या" एवढंच लिहिणं. मी वर्डमध्ये युनिकोडमध्येच देते. मग लोअर परळचा छापखाना म्हणतो, आम्हाला श्रीलिपी फॉन्टमधला मजकूर हवा. किंवा मजकूर इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये ओततात, त्यातली भारतीय लिप्यांसाठीची World-Ready Composer ही सेटिंग निवडलेली नसते, पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात आणि फोन मला येतो की भाषांतरात चुका आहेत. मेल लिहिण्याआधी छापखान्याला विचारून घ्या: कोणतं सॉफ्टवेअर, युनिकोड चालेल का. दोन मिनिटांचा फोन आहे. तो टाळणाऱ्यांना शेवटी पुस्तिका पुन्हा लावावी लागते.

मुदतीत वार, तारीख आणि वेळ तिन्ही लिहा. 'शुक्रवारपर्यंत' म्हणजे सकाळ की रात्र, कळत नाही. दिवसाला दोन हजार शब्द नीट होतात, म्हणजे सहा हजारांना तीन दिवस आणि वाचून तपासायला आणखी एक. सहा हजार शब्द उद्या हवे असतील, तर ते चार जणांत वाटून एकाच शब्दाची चार रूपं पुस्तिकेत छापायची तयारी ठेवा.

आणि दराच्या ओळीतच लिहा: टीडीएस कापणार का, दुरुस्तीच्या किती फेऱ्या याच दरात, आणि बिल मिळाल्यापासून किती दिवसांत पैसे.