बजेट-तफावतीवरची टिप्पणी मराठीत कशी आणावी: प्रेसशॉपच्या कच्च्या मालाचे एक उदाहरण

चाकण, रांजणगाव, वाळूज अशा औद्योगिक वसाहतींतल्या बऱ्याच कारखान्यांत महिन्याचा एमआयएस इंग्रजीत येतो. आकड्यांच्या तक्त्याखाली अकाउंट्सने दोन-तीन ओळींची टिप्पणी लिहिलेली असते आणि मीटिंगमध्ये उत्तर मात्र विभागप्रमुखाला द्यायचे असते. प्रेसशॉपचा प्रमुख टूलरूममधून वर आलेला असेल, तर त्याला आकडे नीट कळतात. अडतो तो त्या दोन-तीन ओळींशी. त्या मराठीत आणण्याचे काम अकाउंट्समधल्या कुणावर किंवा बाहेरच्या अनुवादकावर येते.

एकच ओळ घेऊ. जुलै महिना, पत्र्याचे ब्रॅकेट. बजेट 10,000 नगांचे, नगाला 2 किलो पत्रा, भाव किलोला ₹60, म्हणजे ₹12,00,000. प्रत्यक्षात 9,000 नग झाले, 18,900 किलो पत्रा लागला, भाव ₹58 पडला, म्हणजे ₹10,96,200. टिप्पणीचा आशय असा: कच्च्या मालाचा खर्च ₹1,03,800 ने फेव्हरेबल, कमी व्हॉल्यूम व चांगल्या भावामुळे, अ‍ॅडव्हर्स युसेजने पार्शली ऑफसेट.

पायरी 1: लिहायला बसण्याआधी तुलना कशाशी आहे ते पाहा

वरची तुलना मूळ बजेटाशी, म्हणजे 10,000 नगांशी आहे. नग कमी झाले की पत्रा कमी लागणारच, त्यात प्रेसशॉपचे कर्तृत्व काही नाही. म्हणून आधी बजेट 9,000 नगांवर आणून पाहावे. याला फ्लेक्स केलेले बजेट म्हणतात. 9,000 × 2 × 60 म्हणजे ₹10,80,000. खर्च झाला ₹10,96,200. म्हणजे झालेल्या कामाच्या मानाने खर्च ₹16,200 जास्तच आहे.

एकाच ओळीत हे तीन तुकडे दडलेले असतात:

- कमी उत्पादनामुळे: 12,00,000 − 10,80,000 = ₹1,20,000 अनुकूल
- भावामुळे: (60 − 58) × 18,900 = ₹37,800 अनुकूल
- वापरामुळे: (18,000 − 18,900) × 60 = ₹54,000 प्रतिकूल

1,20,000 + 37,800 − 54,000 = 1,03,800. बेरीज जुळली, म्हणजे टिप्पणीतला शब्द कोणत्या आकड्याचा हे पक्के झाले. जुळली नाही तर अनुवाद थांबवून अकाउंट्सला विचारावे. न जुळण्याचे नेहमीचे एक कारण असे असते की भावातली तफावत काही कारखान्यांत माल वापरल्यावर नव्हे, खरेदी केल्यावर मोजतात. जुलैत 22,000 किलो पत्रा घेतला असेल, तर तिथे ₹37,800 ऐवजी ₹44,000 दिसतील. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण 'वापरलेल्या मालावर' की 'खरेदी केलेल्या मालावर' हे मराठीत लिहावेच लागते.

पायरी 2: दिशेचे शब्द ठरवा आणि मग बदलू नका

फेव्हरेबलला 'अनुकूल' आणि अ‍ॅडव्हर्सला 'प्रतिकूल' हे शब्द कॉमर्सच्या पुस्तकांत रुळलेले आहेत, तेच घ्यावेत. अर्थ एवढाच: बजेटाच्या तुलनेत नफा वाढवणारी तफावत अनुकूल, घटवणारी प्रतिकूल. ही व्याख्या पानाच्या वरच्या बाजूला एकदा छापावी, कारण खर्चाच्या आणि विक्रीच्या ओळीत दिशा उलट चालते. खर्च बजेटापेक्षा कमी, तर अनुकूल; विक्री बजेटापेक्षा कमी, तर प्रतिकूल. आपल्या उदाहरणात 1,000 नग कमी झाले ही एकच घटना मालाच्या ओळीत अनुकूल दिसते आणि तेवढे नग विकायचे राहिले असतील तर विक्रीच्या ओळीत प्रतिकूल.

'अनुकूल' एकट्याने सोडू नये. त्याला दिशा जोडावी: 'खर्च बजेटापेक्षा ₹37,800 कमी (अनुकूल)'. तक्त्यात आकड्याशेजारी F आणि A ही अक्षरे असतील तर ती तशीच ठेवावीत, म्हणजे मीटिंगमध्ये इंग्रजी पान आणि मराठी पान शेजारी धरून बोलता येते. काही ठिकाणी प्रतिकूलसाठी A ऐवजी U असते, काही ठिकाणी नुसता कंस. कंसाबद्दल सावध राहावे. कुठे कंस म्हणजे प्रतिकूल, तर कुठे फक्त वजाबाकीचे उत्तर ऋण आले एवढाच त्याचा अर्थ. दोन ओळींचे गणित स्वतः करून पाहिले की कळते.

अनुकूलच्या जागी 'फायदा', 'नफा', 'बचत' हे शब्द मात्र घालू नयेत. 'कच्च्या मालात ₹1,03,800 ची बचत' असे लिहिले की प्रमुख तो आकडा पाठ थोपटून घेण्यासाठी वापरतो आणि पुढच्याच मिनिटाला त्याला ₹54,000 चा जाब विचारला जातो. तसेच प्रतिकूल म्हणजे 'तोटा' नव्हे. तोटा हा शब्द नफा-तोटा पत्रकाचा आहे. प्रतिकूल तफावत असूनही विभाग नफ्यात असू शकतो.

पायरी 3: जोडणारे शब्द नीट तोला

खरी गफलत आकड्यांत होत नाही, त्यांना जोडणाऱ्या शब्दांत होते. आपल्या ओळीतला 'पार्शली ऑफसेट' पाहा. याचे 'अंशतः भरपाई झाली' असे भाषांतर सर्रास दिसते. मराठीत भरपाई नुकसानीची होते. इथे उलटे आहे: चांगल्या आकड्यातून वाईट आकड्याने काही भाग कमी केला. वाचणाऱ्याला वाटते की जास्त पत्रा लागल्याने काहीतरी भरून निघाले. इथे 'त्यातले ₹54,000 जास्त वापरामुळे कमी झाले' असे सरळ लिहावे. मूळ आकडा प्रतिकूल असेल आणि अनुकूल गोष्टीने तो घटला असेल, तेव्हा 'भरून निघाला' चालते.

कारणाचा जोरही जसा असेल तसाच राहायला हवा. मूळ टिप्पणीत 'मुख्यतः' असेल तर मराठीतून तो गाळू नये, कारण उरलेल्या भागाचे कारण वेगळे आहे किंवा अजून सापडलेले नाही असा त्याचा अर्थ असतो. 'कारण असावे' याचे 'कारण आहे' करू नये.

आणि जे लिहिलेले नाही ते घालू नये. पत्रा दोन रुपयांनी स्वस्त मिळाला आणि त्याच महिन्यात वापर नगामागे 2 किलोवरून 2.1 किलो झाला. जाणकाराच्या मनात लगेच येते की परचेसने स्वस्त कॉइल आणली, जाडी कमी-जास्त असेल, म्हणून स्क्रॅप वाढले. शक्यता दाट आहे. पण कारण डाय झिजल्याचेही असू शकते, किंवा ब्लँकची मांडणी बदलल्याचे, किंवा स्टोअरमध्ये वजन चुकीचे नोंदल्याचे. टिप्पणीत हा संबंध नसेल तर अनुवादातही नको. तो अकाउंट्सला वेगळा प्रश्न म्हणून पाठवावा. उत्तर आले तर ते मूळ टिप्पणीत जाईल आणि मग मराठीत येईल.

दोष देणारे शब्दही असेच नकळत शिरतात. 'वापर प्रतिकूल' याचे 'उधळपट्टी' किंवा 'निष्काळजीपणा' होत नाही. 'प्रमाणापेक्षा 900 किलो पत्रा जास्त लागला' एवढेच लिहावे.

सगळे मिळून आपली ओळ मराठीत अशी उतरते:

*जुलैत कच्च्या मालाचा खर्च मूळ बजेटापेक्षा ₹1,03,800 कमी झाला (अनुकूल). 1,000 नग कमी झाल्याने ₹1,20,000 आणि पत्र्याचा भाव किलोला ₹2 कमी पडल्याने ₹37,800 कमी लागले. मात्र 9,000 नगांना 18,000 किलोऐवजी 18,900 किलो पत्रा लागला. त्यामुळे वरच्या रकमेतून ₹54,000 कमी झाले (प्रतिकूल).*

इंग्रजीतल्या एका वाक्याची इथे चार वाक्ये झाली, त्याला हरकत नाही. तुकड्यांचे आकडे मूळ टिप्पणीत नसून तुम्ही तक्त्यातून काढले असतील, तर ते अकाउंट्सकडून मंजूर करून घ्यावेत.

पायरी 4: पुढे ढकललेला खर्च वेगळा दाखवा

'टायमिंग' किंवा 'फेजिंग' हा शब्द दिसला की थांबावे. समजा डाय-दुरुस्तीचे जुलैचे बजेट ₹1,50,000, खर्च ₹40,000, तफावत ₹1,10,000 अनुकूल, कारण टायमिंग. 'वेळेमुळे अनुकूल तफावत' असे लिहिले तर कुणालाच काही कळत नाही. 'उरलेली दुरुस्ती जुलैत झाली नाही, सप्टेंबरमध्ये होणार आहे. ₹1,10,000 चा खर्च टळलेला नाही, पुढे गेला आहे' असे लिहावे. महिना मूळ टिप्पणीत नसेल तर विचारून घ्यावा. हे स्पष्ट नसेल तर प्रमुख ती रक्कम शिल्लक समजून दुसऱ्या कामाला मागतो आणि सप्टेंबरमध्ये तीच ओळ प्रतिकूल होऊन त्याच्यासमोर येते. एमआयएसमध्ये महिन्याचा आणि एप्रिलपासूनचा असे दोन रकाने असतात. टिप्पणी कोणत्या रकान्याबद्दल आहे तेही लिहावे.

पायरी 5: आकड्यांची रूपे

हे काम यांत्रिक आहे, पण चूक झाली तर दहापटीची होते. परदेशी मूळ कंपनीचा तक्ता मिलियनमध्ये असतो: 1 मिलियन म्हणजे 10 लाख, म्हणून 1.2 मिलियन म्हणजे 12 लाख. तक्त्याच्या डोक्यावर 'हजारांत' लिहिलेले असेल तर 1,096 म्हणजे सुमारे 10.96 लाख. जर्मन पद्धतीच्या तक्त्यात टिंब आणि स्वल्पविराम उलटे असतात, 1.200 म्हणजे बाराशे. आणि रिजेक्शन 2 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर गेले तर ती वाढ '1 टक्का' नव्हे. 'रिजेक्शन 2 टक्क्यांवरून 3 टक्के झाले' असे दोन्ही आकडे देऊन लिहिले की वाद उरत नाही.

पायरी 6: तपासणी

मूळ पान बाजूला ठेवून फक्त मराठी पानावरून तिन्ही तुकड्यांची बेरीज पुन्हा करावी. मग प्रत्येक F आणि A वर बोट ठेवून मराठी शब्द त्याच दिशेचा आहे ना, ते पाहावे. शेवटी पान प्रमुखाला द्यावे आणि एकच विचारावे: 'साहेब, यातला कोणता आकडा तुमच्या शॉपचा?' त्यांनी ₹54,000 वर, म्हणजे 900 किलोंवर बोट ठेवले तर अनुवाद पोहोचला. ₹1,03,800 वर ठेवले तर तिसरी पायरी पुन्हा करावी.