पांगुळगाड्याची लिंक

सोलापुरात आमचे मामा लाकडी खेळणी बनवतात. गड्ड्याच्या यात्रेत हातोहात खपणारा पांगुळगाडा ऑनलाइन मात्र पडून होता. इन्स्टाग्रामवर पोस्टना लाइक भरपूर, पण उत्पादनाच्या पानावर कुणी फिरकत नव्हतं.

कारण साधं होतं. लिंक कॅप्शनमध्ये होती आणि इन्स्टाग्रामवर तिथली लिंक दाबता येत नाही. ती कॉपी करत बसणार कोण? मी ती बायोत टाकली, स्टोरीवर लिंक स्टिकर लावला. तीही अख्ख्या दुकानाची नाही, थेट पांगुळगाड्याच्या पानाची. दुकानाच्या पानावर माणूस भोवरे, बैलगाड्या बघत भरकटतो.

मजकूर दोन ओळींचा केला: दांड्याची उंची, लाकूड, किंमत. "मामा, 'सुंदर खेळणी' लिहू नका, दांडा बाळाच्या छातीपर्यंत येतो ते लिहा," एवढंच सांगितलं.

इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप स्टेटससाठी क्लिक मोजणाऱ्या वेगळ्या छोट्या लिंक केल्या. व्हॉट्सॲपवरून क्लिक आले, ऑर्डर नाही. म्हणजे अडचण पोस्टमध्ये नव्हती, पानावर होती: पोस्टमध्ये लाल चाकं, पानावरच्या पहिल्या फोटोत साधी. फोटो बदलल्यावर ऑर्डर सुरू झाल्या. माल संपला की मात्र लिंक लगेच काढावी लागते. मामा तेवढं विसरतात.